मंदीवाल्याचा कव्हर्ड पुट: झाकलं काय, उघडं काय?

कव्हर्ड कॉल आता आपल्याकडच्या बऱ्याच गुंतवणूकदारांच्या ओळखीचा झाला आहे. डीमॅट खात्यात शेअर पडून असतात, महिनाभरात ते फार वर जातील असं काही वाटत नसतं. मग त्यांच्यावर थोड्या वरच्या भावाचा कॉल विकायचा आणि प्रीमियम पदरात पाडून घ्यायचा. भाव वर गेलाच तर शेअर ठरलेल्या भावाला द्यायचे, नाही गेला तर शेअरही आपले आणि प्रीमियमही आपला. या सौद्यात नफ्याला वरून मर्यादा येते, पण माणसाला रात्री झोप लागते.

हाच सौदा उलटा करता येतो का, असा प्रश्न मंदीवाल्याला पडणं साहजिक आहे. करता येतो, आणि त्याला कव्हर्ड पुट म्हणतात. पुस्तकांत तो एखाद्या परिच्छेदात उरकलेला असतो: कव्हर्ड कॉलचं आरशातलं प्रतिबिंब, बाकी सगळं तसंच. हे वर्णन निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं न समजल्यामुळे पैसे जातात, म्हणून तो सौदा इथे आकड्यांनिशी उलगडून पाहू.

आधी दोन व्याख्या पक्क्या करू. कॉल म्हणजे ठरलेल्या भावाला विकत घेण्याचा हक्क आणि पुट म्हणजे ठरलेल्या भावाला विकण्याचा हक्क. तो ठरलेला भाव म्हणजे स्ट्राइक. हक्क घेणारा त्यासाठी प्रीमियम मोजतो. हक्क विकणारा प्रीमियम घेतो आणि बांधला जातो. पुट विकणारा कशाला बांधला जातो? भाव स्ट्राइकच्या खाली गेला तरी स्ट्राइकच्या भावाला माल विकत घ्यायला.

आता मंदीवाल्याकडे पाहू. त्याने माल आधी विकलेला आहे, म्हणजे तो शॉर्ट आहे. आज ना उद्या त्याला तो माल विकत घेऊनच सौदा पुरा करावा लागणार आहे. त्याने त्याच मालाचा खालच्या भावाचा पुट विकला, तर पुटमुळे येणारं खरेदीचं बंधन त्याच्या गरजेशी चपखल बसतं. भाव पडला आणि पुटवाल्याने माल त्याच्या गळ्यात मारला, तरी तो माल त्याला हवाच होता. शॉर्ट अधिक विकलेला पुट, एवढाच कव्हर्ड पुट.

भारतात एक व्यावहारिक अडचण आहे. रोखीच्या बाजारात सामान्य गुंतवणूकदार शेअर न बाळगता विकू शकतो तो त्याच दिवसापुरता. संध्याकाळपर्यंत सौदा उलटवावा लागतो. शेअर उसने घेऊन शॉर्ट ठेवण्याची व्यवस्था २००८ पासून आहे, पण सामान्य माणूस तिच्या वाटेला क्वचितच जातो. त्यामुळे आपल्याकडे कव्हर्ड पुट म्हणजे बहुतेक वेळा विकलेलं फ्युचर आणि विकलेला पुट. आपणही तोच घेऊ आणि उदाहरण निफ्टीचं घेऊ, कारण त्याचा हिशेब रोखीने पुरा होतो.

काळ सप्टेंबर २०१९ चा आहे. तेव्हा निफ्टीचा लॉट ७५ चा होता. गुरुवारी, १९ तारखेला निफ्टी १०,७०४.८० वर बंद झाला आणि महिन्याची एक्स्पायरी पुढच्या गुरुवारी, २६ तारखेला होती. त्या दिवशीचे फ्युचरचे आणि पुटचे नेमके भाव बाजूला ठेवून हिशेबाला सोपे आकडे धरू. आपल्या मंदीवाल्याने एक लॉट फ्युचर १०,७०० ला विकलं आणि १०,६०० चा पुट ५० रुपयांना विकला. फ्युचरच्या सौद्याची एकूण किंमत ८,०२,५०० रुपये, पुटपोटी हातात आले ३,७५० रुपये.

एक्स्पायरीला काय होईल? निफ्टी १०,६०० वर बंद झाला, तर फ्युचरमध्ये १०० चा नफा आणि पुट निकामी होऊन ५० चा, असे १५० गुण मिळाले. तो आणखी खाली, १०,३०० ला गेला तर? फ्युचरमध्ये ४०० मिळाले, पण विकलेल्या पुटवर ३०० द्यावे लागले आणि ५० आधीच घेतले होते. जमा पुन्हा १५०. निफ्टी ९,००० ला गेला तरी १५०. म्हणजे १०,६०० च्या खाली नफा गोठतो. पंचाहत्तरने गुणलं की ११,२५० रुपये होतात. या सौद्यातून याहून एक रुपयाही जास्त मिळत नाही.

आता वरच्या दिशेला जाऊ. निफ्टी जागच्या जागी १०,७०० वर राहिला, तर फ्युचरमध्ये काही नाही, प्रीमियमचे ५० मिळाले. १०,७५० वर फ्युचरचा ५० चा तोटा आणि प्रीमियमचे ५० यांची फिट्टंफाट होते. हा ना नफा ना तोट्याचा भाव. त्याच्या वर निफ्टीच्या प्रत्येक गुणाला एक गुण तोटा. १०,९०० वर १५० चा तोटा, ११,६०० वर ८५० चा. कागदावर काढलं तर डावीकडून एक आडवी रेघ येते, १०,६०० पाशी मोडते, १०,७५० पाशी शून्याला छेदते आणि तिथून तिरकी खाली उतरत जाते. या रेघेला डावीकडे छप्पर आहे, उजवीकडे तळ नाही.

ज्याने ऑप्शनचे आलेख थोडेफार पाहिले आहेत, त्याला ही आकृती ओळखीची वाटेल. ती नुसता कॉल विकणाऱ्याची आकृती आहे. समजा आपल्या माणसाने फ्युचरला हातच लावला नसता आणि १०,६०० चा कॉल १५० रुपयांना विकला असता. निफ्टी १०,६०० च्या खाली राहिला की १५० चा नफा, १०,७५० ला शून्य, ११,६०० ला १,००० द्यायचे आणि १५० घेतलेले, म्हणजे ८५० चा तोटा. एकेक आकडा तोच.

हा योगायोग नाही. त्या कॉलचा भाव १५० च्या जवळ राहील याची काळजी बाजारातले आर्बिट्राजवाले घेतात. समजा तो कॉल १७० ला मिळू लागला. आर्बिट्राजवाला तो १७० ला विकेल, १०,७०० ला फ्युचर घेईल, १०,६०० चा पुट ५० ला घेईल आणि निफ्टी कुठेही गेला तरी २० गुण खिशात घालेल. असे हात पुढे आले की फरक मिटतो. पुट, कॉल आणि फ्युचर यांचे भाव असे एकमेकांना बांधलेले असतात.

मला या विषयात सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं ते हेच. कुठल्याही अनुभवी माणसाला विचारा, नुसता कॉल विकू का? तो मान हलवेल. तोटा किती होईल याला मर्यादा नाही, हे तो पहिल्याच वाक्यात सांगेल. पण तोच सौदा कव्हर्ड पुट या नावाने पुढे आला की तो सभ्य वाटू लागतो, कारण ‘कव्हर्ड’ म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर कव्हर्ड कॉलची निवांत आकृती येते. इथे झाकलेला आहे फक्त पुट. तो शॉर्टमुळे झाकला गेला आहे. शॉर्टला मात्र प्रीमियमच्या ५० रुपयांखेरीज कसलंही पांघरूण नाही.

मग आरशाचं काय? कव्हर्ड कॉलमध्येही शेअर उघडाच असतो, तोही प्रीमियमपुरताच झाकलेला असतो, असं कोणी म्हणेल. बरोबर आहे. आकृती खरोखरच उलटीसुलटी जुळते. पण बाजार स्वतः दोन्ही बाजूंनी सारखा नाही, त्यामुळे सारख्या आकृतीतून सारखी जोखीम निघत नाही.

पहिला फरक सरळ आहे. भाव शून्याच्या खाली जात नाही. कव्हर्ड कॉलवाल्याचं फार तर शेअरला घातलेलं भांडवल जाईल, तेही प्रीमियम वजा जाता. ते आधीच भरून झालेलं आहे, त्याच्यासाठी कोणी दारात येणार नाही. शॉर्टवाल्याचा तोटा भाव जितका चढेल तितका वाढतो आणि तो खिशात नसलेल्या पैशांतून भागवावा लागू शकतो.

दुसरा फरक रोज संध्याकाळी जाणवतो. शेअर घेऊन बसलेल्या माणसाला कागदावरचा तोटा सोसवला तर तो वर्षभरही थांबू शकतो, वाटेत लाभांशही मिळतो. फ्युचर विकलेल्याला ही सवलत नाही. त्याचा तोटा रोजच्या रोज हिशेबात धरून पैसे खात्यातून वळते होतात; बाजारात याला एमटूएम म्हणतात. ते भरता आले नाहीत तर ब्रोकर सौदा कापतो. आपला अंदाज शेवटी बरोबर निघणार असला तरी तिथवर टिकून राहणं आपल्या हातात उरत नाही. शिवाय एक्स्पायरीची तारीख असतेच.

तिसरा फरक थोडा बारीक आहे आणि तो या सौद्याच्या बाजूने सुरू होऊन विरुद्ध बाजूने संपतो. निफ्टीसारख्या निर्देशांकात बाजारभावाच्या १०० गुण खालचा पुट सहसा १०० गुण वरच्या कॉलपेक्षा महाग असतो. मोठे फंड पडझडीपासून बचाव म्हणून पुट घेत असतात आणि त्या मागणीमुळे पुटचे भाव ताणलेले राहतात. म्हणजे कव्हर्ड पुटवाल्याला तेवढ्याच अंतरावर जास्त प्रीमियम मिळतो. इथपर्यंत छान.

पण बाजार पडतो तेव्हा घबराटीने हेच पुट आणखी फुगतात. समजा सौदा केल्यावर दोन दिवसांत निफ्टी १०,४०० ला आला. फ्युचरमध्ये ३०० चा नफा दिसेल; पुट मात्र ५० वरून, समजा, २३० वर गेलेला असेल आणि तिथे १८० चा तोटा दिसेल. हातात येणारा नफा १२०. पूर्ण १५० हवे असतील तर एक्स्पायरीपर्यंत बसून राहावं लागेल, आणि तेवढ्यात बाजार उसळला तर आहे तेही जाईल. अंदाज अचूक ठरला, बाजार धाडकन पडला, आणि तरी नफा मिळायला ताटकळावं लागतं, असा अनुभव हा सौदा करणाऱ्यांना नेहमी येतो.

मोठी पडझड झाली तर चुटपुट आणखी वाढते. २३ मार्च २०२० ला निफ्टी एका दिवसात १,१३५ गुणांनी, म्हणजे जवळजवळ १३ टक्क्यांनी कोसळला. नुसतं फ्युचर विकलेल्याला त्यातला प्रत्येक गुण मिळाला. सोबत पुट विकणाऱ्याला स्ट्राइकपर्यंतचाच हिस्सा मिळाला. मंदीवाला ज्या दिवसाची वाट पाहतो, नेमका तो दिवस त्याने ५० रुपयांना विकून टाकलेला असतो.

उलट दिशेने काय होतं ते पाहण्यासाठी आपल्या सप्टेंबर २०१९ च्या सौद्याकडे परत जाऊ. गुरुवारी सौदा केला. शुक्रवारी, २० तारखेला जीएसटी परिषदेच्या बैठकीसाठी अर्थमंत्री निर्मला सीतारामन गोव्यात होत्या. बाजार चालू असतानाच त्यांनी पत्रकार परिषदेत कंपन्यांचा प्राप्तिकर कमी केल्याची घोषणा केली. सवलती न घेणाऱ्या कंपन्यांसाठी मूळ दर २२ टक्के आणि नव्या कारखानदार कंपन्यांसाठी १५ टक्के. आदल्या संध्याकाळपर्यंत मरगळलेला बाजार सुसाट सुटला. निफ्टी ५६९ गुणांनी, म्हणजे ५.३ टक्क्यांनी वाढून ११,२७४ वर बंद झाला. सेन्सेक्स १,९२१ गुणांनी वाढला. सोमवारी तेजी पुढे चालू राहिली आणि निफ्टी ११,६०० वर जाऊन थांबला.

आपल्या मंदीवाल्याचा हिशेब मांडू. फ्युचर निर्देशांकाच्या आसपासच होतं असं धरू. शुक्रवारच्या बंद भावाला फ्युचरमध्ये ५७४ गुणांचा तोटा, म्हणजे ४३,०५० रुपये. हे पैसे लगेच द्यायचे. विकलेला पुट जवळजवळ मातीमोल झाला, म्हणजे त्याचे ३,७५० पूर्णपणे आपले. निव्वळ तोटा ३९,३०० रुपये. सोमवारी संध्याकाळी तो ६३,७५० वर पोचला. आठवड्याभरात जास्तीत जास्त ११,२५० मिळवण्यासाठी केलेल्या सौद्यात दोन दिवसांत त्याच्या साडेपाच पटींहून जास्त गेले. प्रीमियमने या तोट्यातले किती अडवले? पहिले ३,७५०.

या दोन दिवसांत सौद्याच्या आत जे घडलं ते समजून घेण्यासारखं आहे, कारण धोका वेळेवर ओळखायची खूण तिथेच आहे. सौदा केला तेव्हा निफ्टी १० गुणांनी वर गेला तर फ्युचरमध्ये १० जात होते, पण पुट स्वस्त होऊन त्यातले साधारण ३ परत मिळत होते. म्हणजे सौदा दिसायला पूर्ण लॉटचा, पण वागायला दोन तृतीयांश लॉटचा. बाजार जसजसा चढला तसतसा पुटचा भाव ४०, २५, १०, ५ असा उतरला, आणि जितका तो उतरला तितकी त्याची साथ कमी झाली. पुट ५ रुपयांवर आला की फार तर आणखी ५ मिळणार. त्यापुढे आपल्याकडे उरतं ते नागडं फ्युचर. उलट बाजार पडत गेला की पुट फ्युचरइतक्याच वेगाने विरुद्ध बाजूला ओढतो आणि सौदा निपचित पडतो. आपण चुकत असताना हा सौदा मोठा होतो आणि आपण बरोबर असताना लहान. विकलेल्या प्रत्येक ऑप्शनचा हा स्वभाव आहे. इथे तो फ्युचरच्या आड लपतो एवढंच.

म्हणून खूण अशी: विकलेल्या पुटचा भाव मिळालेल्या प्रीमियमच्या पाचव्या-दहाव्या हिश्शावर आला, की ‘प्रीमियम सगळा पचला’ म्हणून खूश होऊ नये. कव्हर्ड पुट तिथेच संपलेला असतो. आता हातात आहे तो निव्वळ शॉर्ट आपल्याला आज नव्याने करावासा वाटेल का, एवढाच प्रश्न उरतो. उत्तर नाही असेल तर तो कापावा.

कापताना एक घोळ हमखास होतो. माणूस फ्युचरला स्टॉप लॉस लावतो आणि पुट विसरतो. बाजार वर झेपावला, स्टॉप लॉस लागला, फ्युचर निघून गेलं. दुपारनंतर बाजार उलटला आणि पडू लागला. आता हातात नुसता विकलेला पुट आहे, आणि पडणाऱ्या बाजारात तो मोठा तोटा देऊ शकतो. वर जाताना एक मार, खाली येताना दुसरा. दोन पायांचा सौदा दोन्ही पाय उचलूनच संपवायचा असतो.

आणि स्टॉप लॉसवर सगळी भिस्त ठेवता येते का? सप्टेंबर २०१९ मध्ये बाजार चालू असताना घोषणा झाली, म्हणून काहींना मधल्या भावाला सुटता आलं असेल. १८ मे २००९ ला तीही सोय नव्हती. लोकसभेचे निकाल शनिवारी लागले होते. सोमवारी बाजार उघडताक्षणी वरच्या सर्किटला गेला आणि व्यवहार थांबले. पुन्हा सुरू झाले तेव्हाही तेच झालं आणि दिवसाचे व्यवहार संपले. निफ्टी एका दिवसात १७ टक्क्यांहून जास्त वाढला. शुक्रवारी शॉर्ट असलेल्याचा स्टॉप लॉस मधल्या कुठल्याही भावाला लागणं शक्य नव्हतं, कारण मधला भाव आलाच नाही.

एवढं सगळं असताना हा सौदा कोणी का करावा? मला एक कारण पटतं. ज्याने आधीच काही विचार करून शॉर्ट केलेला आहे आणि कुठल्या भावाला बाहेर पडायचं ते ठरवलेलं आहे, त्याच्यासाठी पुट विकणं हे त्या ठरवलेल्या भावाला केलेल्या खरेदीच्या कबुलीसारखं आहे. १०,६०० ला मी नाही तरी सुटणारच होतो, मग त्या भावाला सुटण्याचं वचन देऊन ५० रुपये का घेऊ नयेत? हा विचार ठीक आहे. आठवडाभर बाजार रेंगाळला तर तेवढे पैसे जास्त सुटतात. पण ज्याच्याकडे आधीचा शॉर्ट नाही आणि जो केवळ प्रीमियमच्या मोहाने दोन्ही पाय नव्याने उभे करतो, तो एक कॉल विकून जे झालं असतं तेच दोन सौदे करून करतो. दोन वेळा दलाली, दोन्हीकडे कर, दोन्हीकडे खरेदी-विक्रीच्या भावातला फरक, आणि जोखीम जिथल्या तिथे.

ज्याला हा सौदा करायचाच आहे, त्याने उजवीकडच्या उघड्या बाजूला भिंत घालावी. आपल्याच उदाहरणात, १०,९०० चा कॉल १५ रुपयांना विकत घेतला असं धरू. प्रीमियमचे ५० उरले ३५. जास्तीत जास्त नफा १५० वरून १३५ गुणांवर आला, म्हणजे १०,१२५ रुपये. ना नफा ना तोट्याचा भाव १०,७३५ झाला. त्या बदल्यात १०,९०० च्या वर फ्युचरमध्ये जितकं जाईल तितकं कॉलमध्ये मिळेल. तोटा १६५ गुणांवर, म्हणजे १२,३७५ रुपयांवर थांबला. गोव्यातली घोषणा झाली काय, निकाल लागले काय, आकडा तोच राहील. ६३,७५० च्या जागी १२,३७५, आणि त्यासाठी मोजले १,१२५ रुपये. बाजार उघडताक्षणी सर्किटला गेला तरी हा कॉल आपलं काम करतो. स्टॉप लॉसला ते जमत नाही.

एकेका कंपनीच्या शेअरवर हा सौदा करणाऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. ऑक्टोबर २०१९ पासून आपल्याकडे शेअरच्या फ्युचर-ऑप्शनमध्ये एक्स्पायरीपर्यंत उभा राहिलेला सौदा प्रत्यक्ष शेअर देऊन-घेऊन पुरा होतो. समजा एका शेअरचं फ्युचर ५०० ला विकलं आणि ४८० चा पुट विकला. एक्स्पायरीला शेअर ४७० वर असला, तर फ्युचरमुळे शेअर द्यायचे आणि पुटमुळे तेवढेच घ्यायचे. दोन्हींची वजावट होऊन देणंघेणं उरत नाही. शेअर ४८५ वर असला तर मात्र पुट मेला, आणि फ्युचरपोटी पूर्ण लॉटचे शेअर द्यायचं बंधन एकटं उरलं. ते शेअर आपल्याकडे नसतात. न दिल्यास लिलावातून घेतले जातात आणि त्याचा भुर्दंड आपल्यावर पडतो. सौदा नफ्यात असताना माणूस इथे फसतो. शेअर ४८० च्या आसपास घुटमळत असेल तर तो कुठल्या बाजूला बंद होईल हे शेवटच्या मिनिटापर्यंत कळत नाही, कारण बंद भाव शेवटच्या अर्ध्या तासाच्या सरासरीने ठरतो. त्यामुळे शेअरवरचा कव्हर्ड पुट एक्स्पायरीच्या दिवसापर्यंत न ताणता एक-दोन दिवस आधीच दोन्ही पायांनी उलटवलेला बरा. निफ्टीत हा प्रश्न येत नाही.

सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शनमध्ये उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्क्यांना तोटा झाल्याचं आणि एकत्रित तोटा १ लाख ८० हजार कोटी रुपयांच्या वर गेल्याचं नोंदलं आहे. त्यातला किती कुठल्या प्रकारच्या सौद्यात गेला हे त्या आकड्यांवरून ठरवता येणार नाही. पण आठवडाभरात दहा-अकरा हजार मिळवायला निघालेला माणूस एका शुक्रवारी काय गमावू शकतो, ते वरच्या हिशेबात दिसतंच.

माझं मत स्पष्ट आहे. कव्हर्ड कॉल ज्याच्याकडे शेअर आहेत त्या सामान्य गुंतवणूकदाराने समजून-उमजून करायला हरकत नाही. कव्हर्ड पुट त्याच्यासाठी नाही. तो रोजच्या रोज एमटूएम भरू शकणाऱ्या आणि बाजारासमोर बसून असणाऱ्या माणसाचा सौदा आहे, आणि त्यानेही वरचा कॉल घेतल्याशिवाय तो रात्रभर ठेवू नये. कॉलचे पैसे वजा करून उरणारा नफा तुम्हाला फार थोडा वाटत असेल, तर तो सौदा करूच नका.